कर्ज दिलं की ठेव तयार होते: पतनिर्मिती आणि सीआरआरचं गणित, वहीत मांडून

टी.वाय.च्या वर्गात पतनिर्मिती शिकवून झाली की दर वर्षी कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. सीआरआर, म्हणजे ठेवींतला जो हिस्सा बँकेला रिझर्व्ह बँकेत ठेवावाच लागतो ते रोख राखीव प्रमाण, सध्या ३ टक्के आहे, पुस्तकातलं सूत्र सांगतं गुणक म्हणजे १ भागिले सीआरआर, म्हणजे १ ÷ ०.०३, उत्तर ३३ च्या वर. मग रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांत एकूण पैसा आणि पायाभूत पैसा, म्हणजे नोटा अधिक बँकांची रिझर्व्ह बँकेतली शिल्लक, यांचं गुणोत्तर पाच-सहाच्या आसपासच का दिसतं? सर, सूत्र चुकीचं आहे का?

सूत्र चुकीचं नाहीये, पण ते एका अटीवर उभं आहे आणि ती अट पुस्तकात एका ओळीत सांगून पुढे जातात. हा लेख त्याच एका प्रश्नाच्या मागे जाण्यासाठी आहे. मी बरीच वर्षं पुण्यात एका बँकेच्या फंड विभागात काम केलं, आता कॉमर्सच्या मुलांना शिकवतो, आणि माझा अनुभव असा आहे की हा टॉपिक वाचून समजत नाही, नोंदी स्वतः लिहाव्या लागतात. तेव्हा वही-पेन घेऊन बसा, इंग्रजी टी सारखा तक्ता काढा, डावीकडे बँकेची मालमत्ता आणि उजवीकडे देणी.

पायरी १: आधी ठेव म्हणजे काय ते नीट बघा

तुमच्या खात्यात ५० हजार आहेत याचा अर्थ बँकेच्या तिजोरीत तुमच्या नावाचं ५० हजारांचं पाकीट ठेवलंय असा होत नाही. बँक तुम्हाला ५० हजार देणं लागते, इतकाच त्याचा अर्थ. ठेव ही बँकेची देणी बाजू आहे. हे सगळ्यांना पाठ असतं पण पुढचं वाक्य सुटतं, ते असं की हे बँकेचं देणंच आपण पैसा म्हणून वापरतो. लक्ष्मी रोडच्या दुकानात तुम्ही यूपीआयने दोन हजार देता तेव्हा नोट कुठेही हलत नाही, तुमच्या बँकेचं तुम्हाला असलेलं देणं दोन हजारांनी कमी होतं आणि दुकानदाराच्या बँकेचं त्याला असलेलं देणं तेवढंच वाढतं, आणि दुकानदार समाधानाने पिशवी देतो.

म्हणजे बँकेला नवा पैसा तयार करायचा असेल तर तिला स्वतःचं नवं देणं लिहावं लागेल, आणि ते ती कर्ज देताना लिहिते.

पायरी २: कर्जाची नोंद स्वतः करा

समजा पहिल्या बँकेत कुणीतरी १० लाख रुपये रोख भरले. ही प्राथमिक ठेव. तक्त्यात डावीकडे रोख १० लाख, उजवीकडे ठेव १० लाख. सोपं गणित व्हावं म्हणून सीआरआर १० टक्के धरूया, पुस्तकात धरतात तसा. बँकेला १ लाख राखीव ठेवायचे आहेत, ९ लाख मोकळे आहेत.

आता भोसरीत एका वर्कशॉपवाल्याला लेथ मशीन घ्यायचंय, त्याला ९ लाखांचं कर्ज मंजूर होतं. नोंद काय होते? बऱ्याच मुलांच्या वहीत मी बघतो, ते डावीकडची रोख ९ लाखांनी कमी करतात आणि कर्ज ९ लाख लिहितात, जणू बँकेनं नोटांची बंडलं काढून त्याच्या हातात दिली. मंजुरीच्या क्षणी तसं होत नाही. होतं ते असं:

कर्ज खातं नावे ९,००,०००
वर्कशॉपच्या चालू खात्याला जमा ९,००,०००

तक्ता आता बघा. डावीकडे रोख १० लाख अजून जशीच्या तशी आहे, तिच्याखाली कर्ज ९ लाख, बेरीज १९ लाख. उजवीकडे मूळ ठेव १० लाख आणि वर्कशॉपवाल्याची नवी ठेव ९ लाख, बेरीज १९ लाख. दोन्ही बाजू जुळल्या आणि ज्यानं १० लाख भरले त्याच्या पासबुकातून एक रुपयासुद्धा कमी झाला नाही. ९ लाखांचा खर्च करता येण्यासारखा पैसा एका नोंदीनं तयार झाला. यालाच दुय्यम ठेव किंवा साधित ठेव म्हणतात, आणि पतनिर्मिती म्हणजे ही एवढीच नोंद.

इथं थांबून तक्ता एकदा परत काढा, खरंच, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. "बँक एकाची ठेव घेते आणि दुसऱ्याला कर्ज देते" हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो, पण या नोंदीत कुणाचीही ठेव कुणाला दिली गेलेली नाही. बँक ऑफ इंग्लंडनं २०१४ मध्ये आपल्या त्रैमासिकात नेमकी हीच गोष्ट स्पष्ट लिहिली होती, की व्यापारी बँका कर्ज देतानाच ठेव निर्माण करतात.

पायरी ३: चेक बाहेर गेला की मर्यादा कळते

मग प्रश्न येतो की नोंदच करायची तर ९ लाखच का, ९० लाखांची का नाही? नोंद करायला तर शाईसुद्धा लागत नाही.

याचं उत्तर वर्कशॉपवाल्यानं पैसे खर्च केले की मिळतं, कारण कर्ज घेऊन कुणी खात्यात पडून ठेवत नाही. त्यानं मशीन विकणाऱ्याला ९ लाख पाठवले आणि विक्रेत्याचं खातं दुसऱ्या बँकेत आहे. आता पहिल्या बँकेनं दुसऱ्या बँकेला ९ लाख चुकते करायला हवेत आणि ते ती स्वतःच्या नोंदीनं करू शकत नाही, दुसरी बँक ते कशाला घेईल? प्रत्येक बँकेचं रिझर्व्ह बँकेत चालू खातं असतं, सेटलमेंट तिथं होते. पहिल्या बँकेच्या त्या खात्यातून ९ लाख वजा, दुसरीच्या खात्यात ९ लाख जमा. आपली १० लाखांची रोख बँकेनं त्या खात्यात भरली होती असं धरा.

पहिल्या बँकेचा तक्ता आता असा: राखीव १ लाख, कर्ज ९ लाख, समोर ठेव १० लाख. राखीव बरोबर १० टक्के. तिनं ९० लाखांचं कर्ज दिलं असतं तर त्या दिवशी ९० लाख चुकते करायचे होते आणि हातात होते १०.

म्हणजे मर्यादा दोन जागी बसते. एक म्हणजे चेक दुसऱ्या बँकेत गेला तर तिला स्वीकारार्ह असा पैसा, म्हणजे रिझर्व्ह बँकेतली शिल्लक, द्यावी लागते. दुसरी म्हणजे ती शिल्लक पूर्ण रिकामी करता येत नाही, ठेवींच्या ठराविक टक्के तिथं राहिलीच पाहिजे. सीआरआर ही दुसरी मर्यादा. ही सक्ती रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया कायदा, १९३४ च्या कलम ४२ मधून येते.

पायरी ४: साखळी पुढे न्या, पण कुणी गुणाकार केला ते विचारा

दुसऱ्या बँकेकडे आता ९ लाखांची नवी ठेव आहे. ती ९० हजार राखून ८ लाख १० हजारांचं कर्ज देते, ते खर्च होऊन तिसऱ्या बँकेत जातं, ती ८१ हजार राखून ७ लाख २९ हजार देते. असं चालू राहतं, प्रत्येक फेरी आधीच्या ९० टक्के.

किती वेळात किती होतं हे एकदा बेरीज करून बघा, कारण पुस्तकातल्या "अंतिम बेरीज १ कोटी" या वाक्यामुळे ते एका झटक्यात होतं असं वाटतं. पाच फेऱ्यांनंतर एकूण ठेवी साधारण ४१ लाख होतात, दहा फेऱ्यांनंतर ६५ लाख. १ कोटी हा आकडा खूप फेऱ्यांनंतर जवळ येतो आणि प्रत्येक फेरीसाठी एक खरा कर्जदार लागतो, त्याची कागदपत्रं, तारण, मंजुरी सगळं लागतं.

साखळी कुठे संपते? मूळ १० लाखांतला प्रत्येक रुपया कुठल्या ना कुठल्या बँकेची सीआरआर म्हणून अडकला की संपते. १ कोटीच्या ठेवींवर १० टक्के म्हणजे १० लाख, बरोबर तेवढेच. मला वाटतं गुणक समजून घ्यायची हीच सगळ्यात सरळ वाट आहे. भूमितीय श्रेढी बाजूला ठेवा आणि इतकंच विचारा, की १० लाख राखीव किती ठेवींना पुरतील?

आणि यातल्या एकाही बँकेनं दहापट काही केलेलं नाही हे लक्षात घ्या. प्रत्येकीनं आपल्याकडे मोकळे होते तेवढेच दिले, दहापट झालं ते सगळ्या मिळून. परीक्षेत "एक बँक आपल्या ठेवीच्या दहापट कर्ज देऊ शकते" असं लिहिलं तर ते चूक आहे, तिच्याकडचे पैसे पहिल्याच चेकला निघून जातात. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे "निर्माण झालेली पत १ कोटी" असं लिहिणं. १ कोटी या एकूण ठेवी आहेत, त्यातली १० लाखांची प्राथमिक ठेव बँकांनी निर्माण केलेली नाही, ती लोकांच्या खिशातल्या नोटांचीच ठेव झाली. निर्माण झालेली पत ९० लाख. प्रश्नात नेमकं काय विचारलंय ते दोनदा वाचा.

पायरी ५: खरी बँक सीआरआर कशी सांभाळते

आता पुस्तक बंद करून फंड विभागात या. इथं प्रत्येक ठेवीमागे बाजूला १० टक्के काढून ठेवलेत असं काही दिसत नाही. सीआरआर मोजतात ती बँकेच्या निव्वळ मागणी आणि मुदत देण्यांवर, म्हणजे मुख्यतः ठेवींवर, सगळ्या मिळून, आणि ती सुद्धा आजच्या नाही तर मागच्या एका ठराविक दिवसाच्या आकड्यावर. ती रोजच्या रोज तंतोतंत ठेवायची नसते, पंधरवड्याची सरासरी जुळली पाहिजे, फक्त कुठल्याही दिवशी ती गरजेच्या ९० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही. आमच्या वेळी पंधरवडा शुक्रवारी संपायचा, २०२५ च्या दुरुस्ती कायद्यानं तो महिन्याच्या १ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर असा केलाय.

एक गणित करूया. बँकेची देणी १,००० कोटी, सीआरआर ४ टक्के, म्हणजे सरासरी ४० कोटी हवेत आणि रोज किमान ३६ कोटी. १४ दिवसांचा पंधरवडा धरला तर एकूण ५६० "कोटी-दिवस" भरायचे. पहिले सात दिवस बँकेनं ३६ वरच काढले तर २५२ झाले, राहिले ३०८, म्हणजे उरलेले सात दिवस रोज ४४ कोटी ठेवावे लागतील. हे आकडे आम्ही आधी रजिस्टरमध्ये आणि नंतर एक्सेलमध्ये रोज संध्याकाळी भरायचो. एकदा ठेवींचा मोठा चेक दुपारी उशिरा बाहेर गेल्याचं शाखेनं कळवलंच नाही आणि पंधरवड्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी आमची शिल्लक कमी पडतेय हे लक्षात आलं, मग एक दिवसाच्या कॉल मनी बाजारात मिळेल त्या व्याजानं पैसे उचलले. कारण कमी पडलं तर दंडाचं व्याज लागतं, बँक रेटच्या वर ३ टक्के, आणि पुढेही तूट राहिली तर वर ५ टक्के. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कळलं की सीआरआर ही किंमत म्हणून जाणवते, भिंत म्हणून नाही.

हे वाक्य जरा उलगडून सांगतो. सीआरआर मागच्या ठेवींवर मोजली जाते, म्हणजे आज कर्ज देऊन जी नवी ठेव तयार झाली तिच्यावरची सीआरआर नंतर भरायची आहे. त्यामुळे चांगला कर्जदार आला तर बँक आधी कर्ज देते आणि राखीव पैसा मग शोधते, नव्या ठेवी मिळवून, दुसऱ्या बँकेकडून एक दिवसासाठी उसने घेऊन, नाहीतर सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून. पैसा बहुतेक वेळा मिळतोच, प्रश्न असतो किती व्याजानं. रिझर्व्ह बँक ज्या दरानं असं उसनं देते तो रेपो दर वाढला की हा शोध महाग होतो आणि नवी कर्जं देणं बँकेला परवडेनासं होतं. शिवाय सीआरआरवर बँकेला २००७ पासून व्याज मिळत नाही, म्हणजे १०० रुपयांच्या ठेवीवर व्याज १०० चं द्यायचं आणि कमवायचं मात्र ९६ किंवा ९७ वर. तोही भार शेवटी कर्जाच्या दरात येतो.

म्हणून पुस्तकातली साखळी खोटी नाही, पण तिची दिशा मात्र आपल्या मनात उलटी बसते. आधी राखीव, मग कर्ज, असा क्रम शिकतो आपण, प्रत्यक्षात बऱ्याचदा आधी कर्ज आणि मग राखीवची जमवाजमव.

पायरी ६: ३३ चे सहा कसे होतात

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. सूत्राची अट ही होती की कर्जातून खर्च झालेला सगळा पैसा कुठल्या ना कुठल्या बँकेत परत येतो. तो येत नाही.

आपला वर्कशॉपवाला बघा. मशीनवाल्याला त्यानं ऑनलाइन दिले, पण बसवायला आलेल्या माणसांना, टेम्पोवाल्याला, हमालांना रोख दिले. त्यासाठी त्यानं एटीएममधून किंवा काउंटरवरून नोटा काढल्या. नोट बाहेर गेली की बँकेच्या दृष्टीनं ती राखीव पैशातून गेली, कारण नोटा आणायच्या तर रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातूनच तेवढी रक्कम वजा होते. हमालानं त्या नोटा घरी ठेवल्या, मार्केट यार्डात भाजी घेतली, भाजीवाल्यानं पुढे शेतकऱ्याला दिल्या. त्या नोटा फिरत राहतात पण त्यांच्यावर कुणी कर्ज देत नाही. दिवाळीच्या आधी फंड विभागात हे डोळ्यांनी दिसायचं, कर्जं वाढलेली नसतानासुद्धा शिल्लक आटत जायची कारण लोक रोख काढत असायचे.

हे गणितात आणूया. समजा लोक दर १०० रुपये ठेवींमागे १५ रुपये रोख स्वतःजवळ ठेवतात. आपलं जुनंच उदाहरण, सुरुवातीचे १० लाख, सीआरआर १० टक्के. आता तोच सरळ प्रश्न, हे १० लाख किती ठेवींना पुरतील? दर १०० ठेवींमागे १० सीआरआरमध्ये जातात आणि १५ लोकांच्या खिशात, एकूण २५. म्हणजे १० लाख पुरतील ४० लाखांच्या ठेवींना. ४ लाख सीआरआर, ६ लाख लोकांकडे रोख, संपले १० लाख. आधीच्या हिशेबात याच पैशांवर १ कोटी उभे राहत होते.

तक्ता तपासा: सगळ्या बँका मिळून राखीव ४ लाख, कर्जं ३६ लाख, समोर ठेवी ४० लाख. जुळतं.

आता सीआरआर ३ टक्के टाका. १०० रुपयांच्या ठेवींमागे ३ रिझर्व्ह बँकेत, १५ लोकांकडे, आणि बँकांच्या तिजोरीत, एटीएममध्ये रोजच्या कामाला समजा अर्धा रुपया. पायाभूत पैसा झाला १८.५. एकूण पैसा म्हणजे ठेवी १०० अधिक लोकांकडची रोख १५, म्हणजे ११५. भागाकार करा, ६.२ येतो. ३३ चा सहा झाला तो इथं, आणि जवळजवळ सगळा फरक एका १५ रुपयांनी पाडला.

यातून एक गोष्ट निघते जी मला तरी या सगळ्या टॉपिकमधली सगळ्यात कामाची वाटते. सीआरआर ४ वरून ३ वर आणली तर १ ÷ सीआरआर सूत्रानं गुणक २५ वरून ३३ वर जातो, म्हणजे एक तृतीयांश वाढ, ऐकायला प्रचंड. लोकांकडे जाणाऱ्या रोखीची गळती धरून केलं तर ११५ ÷ १९.५ म्हणजे ५.९ वरून ६.२ वर. खरंच असा बदल झालाय, जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सीआरआर १ टक्क्यानं कमी करायचं जाहीर केलं आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ मध्ये चार टप्प्यांत ती ३ टक्क्यांवर आली, बँकांकडे सुमारे अडीच लाख कोटी रुपये मोकळे होतील असं तेव्हा सांगितलं गेलं. अडीच लाख कोटी गुणिले ३३ असा हिशेब करून कुणी उत्तर लिहिलं तर ते कशामुळे चुकलं हे आता तुम्ही सांगू शकता.

पायरी ७: २०१६ चा पंधरवडा, सूत्र उलटं वापरून बघा

८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या आणि लोकांनी त्या बँकांत भरल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर खिशातले १५ रुपये अचानक कमी झाले आणि प्राथमिक ठेवींचा लोंढा आला. सूत्रानुसार बँकांची कर्ज द्यायची ताकद एकदम फुगायला हवी. म्हणून रिझर्व्ह बँकेनं २६ नोव्हेंबरला आदेश काढला की १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर २०१६ या काळात जेवढ्या ठेवी वाढल्या तेवढ्या वाढीवर १०० टक्के सीआरआर ठेवायची. नेहमीची ४ टक्के तशीच, फक्त या वाढीव थरावर १००.

सूत्रात १०० टक्के घाला, १ ÷ १ = १. म्हणजे आलेला रुपया रुपयाच राहील, त्याच्यावर कर्जाची साखळी उभी राहणार नाही. जादा पैसा शोषायला सरकारनं वेगळ्या रोख्यांची मर्यादा ६ लाख कोटींपर्यंत वाढवल्यावर १० डिसेंबरपासून ही सक्ती उठली.

पुढे काय झालं तेही बघायला हवं. सक्ती उठल्यावर बँकांकडे पैसा होता, पण कर्जांचा पूर आला नाही, कारण धंदे मंदावलेले होते आणि मोठ्या बँका आधीच थकीत कर्जांखाली दबलेल्या होत्या. राखीव पैसा असणं म्हणजे कर्ज जाणारच असं नाही. सीआरआरनं वरची मर्यादा घालता येते, कर्जदाराला हाताला धरून शाखेत आणता येत नाही.

२०२३ मध्ये दोन हजारच्या नोटा परत आल्या तेव्हा हेच हत्यार सौम्य करून वापरलं गेलं, ऑगस्टमध्ये वाढीव ठेवींवर १० टक्के.

पायरी ८: सीआरआरमध्ये एसएलआर मिळवायचा की नाही

या जागी मुलं सगळ्यात जास्त गोंधळतात आणि पुस्तकंही एकसारखं सांगत नाहीत. एसएलआर म्हणजे वैधानिक रोखता प्रमाण, बँकिंग नियमन कायदा, १९४९ च्या कलम २४ खाली, सध्या १८ टक्के. ते रोख, सोनं किंवा मान्य सरकारी रोख्यांत ठेवता येतं, आणि बँका ते मुख्यतः रोख्यांतच ठेवतात. काही पुस्तकांत सीआरआर आणि एसएलआर मिळवून १ ÷ (सीआरआर + एसएलआर) असा गुणक काढतात.

परीक्षेत प्रश्नानं तसं दिलं असेल तर तसंच सोडवा, मार्क तिथं आहेत. पण एसएलआरचा पैसा रिझर्व्ह बँकेत निजून राहत नाही. बँकेनं सरकारी रोखा घेतला, पैसा सरकारकडे गेला, सरकारनं त्यातून रस्त्याच्या ठेकेदाराचं बिल दिलं, पगार दिले, आणि ते ठेकेदाराच्या खात्यात ठेव म्हणून परत बँकिंगमध्ये आले. म्हणजे साखळी तुटली नाही, फक्त कर्जदार बदलला.

सीआरआर १० आणि एसएलआर २० टक्के धरून मूळ १० लाखांवर (गळती नाही असं धरून) मांडा. एसएलआर निजलेला धरला तर ठेवी होतात १० ÷ ०.३०, म्हणजे ३३ लाख. सरकार ते खर्च करतं हे धरलं तर ठेवी पुन्हा १ कोटीच, त्यातले १० लाख सीआरआर, २० लाख सरकारी रोखे आणि ७० लाख वर्कशॉपवाल्यासारख्यांना कर्ज. तेव्हा सीआरआर एकूण आकार ठरवते आणि एसएलआर त्यातला खासगी कर्जदारांचा वाटा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एसएलआर ३८.५ टक्क्यांवर आणि सीआरआर १५ टक्क्यांवर होती, म्हणजे १०० रुपयांतले निम्म्याहून जास्त बँकेच्या हातातच नव्हते. त्या काळी छोट्या उद्योगाला कर्ज मिळवणं इतकं अवघड का होतं याचा एक मोठा भाग या दोन आकड्यांत आहे.

आणखी एक मर्यादा भांडवलाची. भारतात बँकेला जोखीम-भारित मालमत्तेच्या किमान ९ टक्के भांडवल ठेवावं लागतं, त्यावर २.५ टक्के राखीव थर. राखीव पैसा उसना मिळतो, भांडवल एका रात्रीत मिळत नाही, म्हणून थकीत कर्जांनी भांडवल खाल्लेली बँक सीआरआर कितीही कमी झाली तरी कर्ज देताना हात आखडता घेते. हा स्वतंत्र धडा आहे, इथं एवढंच.

शेवटची पायरी: खरा आकडा स्वतः काढा

रिझर्व्ह बँक तिच्या साइटवर पायाभूत पैसा, ज्याला ती राखीव पैसा किंवा M0 म्हणते, दर आठवड्याला आणि एकूण पैसा, म्हणजे M3, दर पंधरवड्याला देते. जवळच्या तारखांचे दोन्ही घ्या.

गुणक = M3 ÷ M0

त्याच तक्त्यात लोकांकडची रोख आणि बँकांतल्या ठेवी वेगवेगळ्या दिलेल्या असतात, पहिलीला दुसरीनं भागा, तुमचा "१५ रुपये" वाला आकडा खरा मिळेल. मग दोन तारखा निवडा, एक दिवाळीच्या आधीची आणि एक पावसाळ्यातली, आणि रोखीचं प्रमाण हललं की गुणक कुठल्या बाजूला हलतो ते वहीत लिहून ठेवा. सीआरआर दोन्ही तारखांना सारखीच होती का तेही शेजारी लिहा, नाहीतर कुठल्या कारणानं काय हललं ते वेगळं करता येणार नाही.